ऑनलाइन योगवर्गाची फी कशावर ठरते? शिक्षकाला किती विद्यार्थी नीट दिसतात यावर

२१ जूनचा योग दिवस जवळ आला की व्हॉट्सॲपवर ऑनलाइन योगवर्गांच्या जाहिराती सुरू होतात. एकीकडे ‘महिना फक्त २९९ रुपये’, दुसरीकडे त्याच वेळेच्या, तेवढ्याच तासांच्या वर्गासाठी दोन हजार. वर्ग सुरू करू पाहणारे शिक्षक यामुळे गोंधळतात. आपण किती फी घ्यायची, किती जणांना प्रवेश द्यायचा, कॅमेरा कुठला घ्यायचा, शीर्षासन शिकवायचं की नाही, असे चार वेगवेगळे प्रश्न घेऊन ते बसतात. माझं म्हणणं असं की हे चार प्रश्न नाहीतच, एकच आहे. वर्ग चालू असताना तुम्हाला विद्यार्थ्याचं शरीर दिसतं का? याचं उत्तर मिळालं की बॅच केवढी, आसनं कुठली आणि फी किती, हे त्यातूनच ठरत जातं.

एक फरक आधी लक्षात घेऊ. टीव्हीवरचा स्वयंपाकाचा कार्यक्रम लाखो लोक पाहतात, पण तुमची पोळी करपली तर तिथल्या बाईंना ते कळत नाही. शेजारी उभं राहून शिकवणारी आई एका वेळी एकीलाच शिकवते, आणि पोळी करपण्याआधी तिचा हात पुढे येतो. ऑनलाइन वर्ग या दोन्ही प्रकारचे असतात. २९९ रुपयांत दोनशे जणांना शिकवणारा वर्ग पहिल्या प्रकारचा आहे. त्यात वाईट काही नाही, फक्त तो आपण दुसऱ्या प्रकारचा आहे असं म्हणू लागला की धोका सुरू होतो. या लेखात दुसऱ्या प्रकाराविषयी बोलू: घरातून चालणारी, दहा-बारा जणांची, सुधारणा सांगणारी बॅच.

## आधी तुमचा कॅमेरा

महागडा कॅमेरा लागत नाही. चार-पाच वर्षांच्या आतला बरा मोबाइल पुरतो. लागतं ते अंतर, आणि आपल्याकडच्या खोल्यांमध्ये तेच कमी असतं.

मोबाइल आडवा ठेवला आणि तुम्ही त्याच्यापासून नऊ फुटांवर उभे राहिलात, तर चित्रात साधारण दहा-अकरा फूट रुंदी आणि सहा-साडेसहा फूट उंची मावते. मॉडेलनुसार थोडं कमी-जास्त होईल. म्हणजे हात डोक्यामागे ताणून चटईवर झोपलात तर सहज मावाल, पण ताडासनात हात वर नेलेत तर बोटं कापली जातील. पाच फूट तीन इंच उंचीच्या बाईंचे वर केलेले हात पावणेसात फुटांच्या आसपास जातात. त्यासाठी दहा-अकरा फूट अंतर हवं. दहा बाय दहाच्या खोलीत ते भिंतीपासून भिंतीपर्यंत मिळत नाही, पण कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचं अंतर चौदा फूट असतं. म्हणून लहान खोलीत कॅमेरा एका कोपऱ्यात लावा आणि चटई समोरच्या कोपऱ्याकडे सरकवा. फर्निचर हलवण्याआधी हे करून पाहा, बहुतेकांचं काम एवढ्यात भागतं.

कॅमेऱ्याची उंची कमरेएवढी, म्हणजे अडीच-तीन फूट ठेवा. कपाटावर ठेवलेला कॅमेरा वरून बघतो, मग पश्चिमोत्तानासनात पाठ गोल आहे की सरळ ते कळत नाही. जमिनीवर ठेवला तर पाय राक्षसासारखे लांब आणि डोकं लहान दिसतं. चटईची दिशा आसनानुसार बदलावी लागते. भुजंगासन, पश्चिमोत्तानासन, मार्जारासन यांत पाठीचा कणा पुढे-मागे वाकतो, म्हणून ती बाजूने दाखवायची. त्रिकोणासनात शरीर डावी-उजवीकडे झुकतं, म्हणून ते समोरून. वर्गाचा क्रम लावताना बाजूची सगळी आसनं एकत्र ठेवली तर चटई दहा वेळा फिरवावी लागत नाही.

प्रकाश समोरून हवा. पाठीमागे खिडकी असेल तर सकाळी सातनंतर तुम्ही काळी सावली होता. कपडे अंगाबरोबरचे, भिंतीपेक्षा आणि चटईपेक्षा वेगळ्या रंगाचे. सैल कुर्त्यात गुडघा आणि कंबर दोन्ही झाकले जातात, आणि विद्यार्थ्याला नेमकं तेच पाहायचं असतं.

आवाजावर मात्र थोडे पैसे जरूर खर्च करा. विद्यार्थी आसनात गेला की त्याला स्क्रीन दिसत नाही, फक्त तुम्ही ऐकू येता. नऊ-दहा फुटांवरच्या मोबाइलचा माइक तुमच्यापेक्षा पंख्याचा आवाज जास्त पकडतो. कॉलरला लावायचा वायरलेस माइक घ्या, ज्याचा छोटा रिसीव्हर मोबाइललाच जोडला जातो. कानातले ब्लूटूथ इअरबड पर्वतासनात गळून पडतात. पोटावर झोपायची आसनं दाखवताना माइक खांद्याकडे सरकवा, नाहीतर सगळ्यांच्या कानात खरखर होते.

वीज गेली तर काय, हे पहिल्याच आठवड्यात ठरवून ठेवा: राउटरला छोटा पॉवर बॅकअप आणि मोबाइल डेटा हा दुसरा मार्ग.

## पण खरा कॅमेरा विद्यार्थ्याचा

नवे शिक्षक आपला कॅमेरा, आपली रिंगलाइट, आपली पार्श्वभूमी यांत महिना घालवतात. विद्यार्थ्याचा मोबाइल मात्र पाण्याच्या बाटलीला टेकवलेला असतो आणि त्यात दिसतं फक्त कपाळ आणि छताचा पंखा. तुम्ही सुंदर दिसलात म्हणून कुणाचा गुडघा वाचत नाही. तो दिसला तर वाचू शकतो.

म्हणून प्रवेश देताना प्रत्येकाशी दहा मिनिटांचा वेगळा व्हिडिओ कॉल ठेवा. त्याचं काम एकच, कॅमेरा लावणं. मोबाइल आडवा, खुर्चीच्या बैठकीएवढ्या उंचीवर, आठ-नऊ फुटांवर. मग त्यांना तीन गोष्टी करायला सांगा: सरळ उभं राहा, बाजूने वळून उभं राहा, चटईवर आडवं व्हा. तिन्ही वेळा डोकं, गुडघे आणि पावलं दिसली पाहिजेत. वर केलेले हात कापले गेले तर चालेल, पावलं कापली गेली तर नाही. उभ्या आसनांतली बहुतेक चूक पावलांपासून सुरू होऊन गुडघ्यात जाते. जागा जमली की चटईच्या चार कोपऱ्यांना फरशीवर चिकटपट्टीच्या खुणा करायला सांगा, म्हणजे रोज नव्याने लावालावी होत नाही.

तुम्हालाही त्यांना पाहायला मोठा पडदा हवा. झूमच्या मोबाइल ॲपवर एका वेळी मोजकेच चौकोन दिसतात. लॅपटॉपवर Gallery View मध्ये २५ चौकोन मावतात, आणि लॅपटॉप टीव्हीला जोडला तर नऊ फुटांवरूनही कुणाचा गुडघा आत वळलाय ते कळतं. सोपी रचना अशी: मोबाइल तुमचं चित्र आणि आवाज पाठवतो, लॅपटॉप वेगळ्या नावाने त्याच मीटिंगमध्ये येऊन फक्त चौकोन दाखवतो. लॅपटॉपचा माइक बंद ठेवायचा आणि स्पीकर अगदी बारीक, नाहीतर दोन यंत्रं एकमेकांचा आवाज पकडून शिट्टी वाजते.

झूमच्या मोफत खात्यावर गटाची मीटिंग ४० मिनिटांनी तुटते, गुगल मीटवर तीन किंवा जास्त जणांची मीटिंग ६० मिनिटांनी. शवासन चालू असताना मीटिंग तुटली तर सगळा वर्ग दचकून उठतो. रोजचा वर्ग घेणार असाल तर पैसे भरूनच खातं घ्या आणि तो खर्च फीच्या हिशेबात धरा.

## बरोबर करत राहायचं नाही, दाखवून बघायचं

प्रत्यक्ष वर्गात शिक्षक पुढे आसन करतो आणि सगळे त्याच्याबरोबर करतात. ऑनलाइन हे चालत नाही. हलासनात असलेल्या शिक्षिकेला बारा चौकोन दिसतच नाहीत. शिवाय तिच्याकडे बघण्यासाठी विद्यार्थी आसनात असताना मान स्क्रीनकडे वळवतात. भुजंगासनात तशी मान वळवणं हे आसन चुकण्यापेक्षाही वाईट.

म्हणून प्रत्येक आसन दोन फेऱ्यांत घ्या. आधी तुम्ही करा, ते उभे राहून किंवा बसून फक्त पाहतील. मग ते करतील आणि तुम्ही उठून स्क्रीनजवळ जाल. या दुसऱ्या फेरीत तुमचं शिकवणं पूर्ण शब्दांतून होतं. ‘असं करा’ म्हणून भागत नाही. ‘उजवं पाऊल बाहेर वळवा. गुडघा त्याच पावलाच्या मधल्या बोटाच्या दिशेला. आता श्वास सोडत उजवा हात नडगीपर्यंत खाली.’ पावलापासून वर अशा क्रमाने सांगितलं की ऐकणारा गोंधळत नाही.

उजवं-डावं इथे फार घोळ घालतं. समोरून शिकवताना तुम्ही तोंडाने ‘उजवा’ म्हणा आणि स्वतःचा डावा हात उचला, म्हणजे समोरच्याला ते आरशासारखं दिसतं. स्वतःच्या स्क्रीनवर तुम्हाला तुमचं चित्र उलटं दिसत असतं, विद्यार्थ्यांना ते सरळच जातं. त्या चित्राकडे बघून दिशा ठरवू नका.

आणखी एक गोष्ट, जी पुस्तकात सापडत नाही. इंटरनेटमुळे त्यांचं चित्र तुमच्याकडे आणि तुमचा शब्द त्यांच्याकडे थोडा उशिरा पोहोचतो. चूक दिसून, नाव घेऊन, वाक्य पूर्ण होईपर्यंत दोन-तीन सेकंद जातात. हालचाल चालू असताना केलेली सूचना म्हणून नेहमी उशिरा पडते. सूचना आसन स्थिर झाल्यावर द्यायची. जलद सूर्यनमस्कारांत तुम्हाला काहीच सुधारता येत नाही, संथ बारा सूर्यनमस्कारांत बरंच येतं.

## मग बारा का, पन्नास का नाही?

आता गणित करू. साठ मिनिटांच्या वर्गात सुरुवातीची हालचाल, प्राणायाम आणि शवासन वगळता आसनांना पस्तीसेक मिनिटं उरतात. एका विद्यार्थ्याला पाहणं, नाव घेणं, सूचना देणं आणि बदल झाला का ते बघणं, याला साधारण वीस सेकंद लागतात. प्रत्येकाला दर वर्गात निदान तीन सूचना मिळाव्यात असं धरलं, तर एका माणसामागे एक मिनिट. बारा जणांना बारा मिनिटं. उरलेल्या तेवीस मिनिटांत दाखवणं आणि सगळ्यांसाठी बोलणं बसतं. तीस जण घेतले तर तीस मिनिटं सूचनांतच जातात आणि शिकवायला पाच उरतात. प्रत्यक्षात शिक्षक सूचना सोडून देतो आणि वर्ग नकळत टीव्हीचा कार्यक्रम होतो.

सहायक ठेवला तर? चालतं. चोवीस जणांत बारा चौकोन तुम्ही आणि बारा त्याने पाहायचे, ज्याला दिसेल त्याने नावाने सांगायचं. पण त्याने तुमच्याबरोबर निदान महिनाभर वर्ग पाहिलेला हवा आणि त्याचा मोबदला फीत धरलेला हवा. फक्त येणाऱ्यांना प्रवेश देणारा आणि माइक बंद करणारा माणूस म्हणजे हा सहायक नव्हे.

## ऑनलाइन काय शिकवायचं नाही

इथे माझं मत पक्कं आहे. आसन निवडताना तीन प्रश्न विचारा. चुकलं तर विद्यार्थी स्वतः, कुणाच्या मदतीशिवाय, लगेच थांबू शकतो का? ज्या भागाला इजा होऊ शकते तो भाग कॅमेऱ्यात दिसतो का? आणि चुकीची खूण तेव्हाच मिळते की दुसऱ्या दिवशी?

सर्वांगासन घ्या. शरीराचा भार खांद्यांवर असायला हवा, पण नवशिक्याचा तो मानेवर येतो. मान खांद्यांच्या आणि केसांच्या आड असते, दिसत नाही. त्या अवस्थेत त्याने स्क्रीनकडे मान वळवली तर वळणाऱ्या मानेवर सगळं वजन. आणि दुखणं संध्याकाळी सुरू होतं. तिन्ही प्रश्नांना नकार. पुण्यात बी. के. एस. अय्यंगार यांनी खुर्ची, घड्या घातलेल्या चादरी, दोऱ्या यांचा आधार घेऊन ही आसनं शिकवली, आणि तिथेही शिक्षक शेजारी उभा असतो. शीर्षासन, हलासन, चक्रासन हेही याच यादीत. ज्याचं तुमच्यासमोर प्रत्यक्ष शिकून झालंय त्याची गोष्ट वेगळी.

उलट सेतुबंधासन घ्या. कमरेत खुपलं तर विद्यार्थी ती खाली टेकवतो आणि झालं. गुडघे बाजूला फाकलेले दिसतात, पावलं पुढे गेलेली दिसतात. पवनमुक्तासनाचे प्रकार, मार्जारासन, ताडासन, भिंतीला पाठ लावून त्रिकोणासन, खुर्ची धरून वीरभद्रासन, अनुलोम-विलोम, भ्रामरी, एवढ्यावर सहा महिन्यांचा उत्तम वर्ग चालतो. खुर्ची मात्र भिंतीला टेकलेली हवी, फरशीवर ती सरकते.

प्राणायामात लांब कुंभक आणि भस्त्रिका गटात नको. कपालभाती लोक हमखास मागतात, पण ती सरसकट सगळ्यांना देऊ नका. उच्च रक्तदाब, हृदयविकार, हर्निया, अपस्मार, गर्भारपण, पोटाची अलीकडची शस्त्रक्रिया, यांपैकी काही असेल तर नाही. वमन, जलनेती या शुद्धिक्रिया स्क्रीनवरून शिकवायच्या नाहीत.

## प्रवेशाचा फॉर्म: सही नव्हे, माहिती

‘काही झाल्यास शिक्षक जबाबदार नाही’ अशा ओळीवर सही घेऊन अनेकांना सुरक्षित वाटतं. ती ओळ तुमचा निष्काळजीपणा झाकू शकत नाही. फॉर्मचा खरा उपयोग माहितीसाठी. नुसतं ‘काही आजार आहे का?’ विचारलं की लोक ‘नाही’ लिहितात आणि तिसऱ्या दिवशी सांगतात की बीपीची गोळी चालू आहे. कारण गोळी चालू असेल तर तो आजार वाटत नाही. म्हणून नेमकं विचारा: रोज कुठल्या गोळ्या घेता? कुठली शस्त्रक्रिया झाली आहे, कधी? चक्कर येते का? डोळ्यांत काचबिंदूचे थेंब घालता का? हाडं ठिसूळ झाल्याचं डॉक्टरांनी सांगितलंय का?

शेवटचे दोन प्रश्न मुद्दाम आहेत. डोकं खाली जाणाऱ्या आसनांत डोळ्यातला दाब वाढतो. शीर्षासनात तो दुपटीच्या आसपास गेल्याचं मोजलं गेलंय, आणि पर्वतासनातही वाढतो. काचबिंदू असलेल्या काकूंना हे कुणी सांगितलेलं नसतं. हाडं ठिसूळ असतील तर पाठ गोल करून जोराने पुढे वाकण्याने मणका दबू शकतो. त्यांना पश्चिमोत्तानासनाऐवजी पाठ सरळ ठेवून, पायाला ओढणी अडकवून नुसतं बसायला सांगा. मधुमेहाची औषधं किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांना सकाळी रिकाम्या पोटी वर्ग करताना साखर उतरू शकते. घाम, थरथर, गोंधळ दिसला की थांबवायचं, आणि ग्लुकोज किंवा साखर चटईजवळच ठेवायला सांगायची. शवासनातून सगळ्यांनाच कुशीवर वळवून, मिनिटभर बसवून मग उभं करायचं. बीपीची औषधं घेणारे एकदम उठले तर त्यांना अंधारी येते.

फॉर्ममध्ये पूर्ण पत्ता आणि त्या वेळी घरात असणाऱ्या एका माणसाचा फोन नंबर हवाच. विद्यार्थी नागपूरला आणि तुम्ही कोल्हापुरात असाल, तर कुणी कोसळल्यावर तुमच्याकडे करण्यासारखं पहिलं काम म्हणजे त्या घरच्या माणसाला फोन. १०८ त्याने लावायचा, पत्ता तोच नीट सांगू शकतो. एकटे राहणारे ज्येष्ठ असतील तर शेजाऱ्यांचा नंबर घ्या. छातीत दुखणं, दम लागणं, धूसर दिसणं, हातापायात मुंग्या किंवा विजेचा झटका बसल्यासारखी कळ, ही थांबायची चिन्हं पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगून ठेवा. स्नायू ताणल्याचं मांडीच्या मधोमध जाणवणं ठीक. सांध्यात टोचणं ठीक नाही.

ही माहिती ग्रुपवर टाकायची नाही. ‘जोशीकाकू, तुमच्या हर्नियामुळे हे करू नका’ असं वर्गात मोठ्याने म्हणायचंही नाही. आदल्या दिवशी खाजगीत पर्याय सांगून ठेवावा.

## ‘मी कॅमेरा बंद ठेवते’

हे अनेकजणी म्हणतात आणि त्यामागचं कारण खरं असतं. हॉलमध्ये सासरे पेपर वाचत बसलेले, घर लहान, आणि बॅचमध्ये अनोळखी पुरुष. यावर ‘नियम म्हणजे नियम’ म्हणून चालत नाही. बायकांची वेगळी बॅच ठेवा. बॅचमध्ये कुणी रेकॉर्डिंग करणार नाही हे लेखी सांगा. चुकलेल्यांसाठी रेकॉर्डिंग द्यायचंच असेल तर ते फक्त तुमच्या चौकोनाचं असावं. कॅमेरा बाजूने लावायला सुचवा, त्यात अवघडलेपण कमी होतं आणि पाठीचा कणाही चांगला दिसतो. इतकं करूनही नको असेल, तर त्या विद्यार्थिनीला खुर्चीवरच्या हालचाली आणि प्राणायामाच्या बॅचमध्ये घ्या, जिथे न दिसण्याने फार बिघडत नाही. सुधारणा होईल असं सांगून तिच्याकडून पूर्ण फी मात्र घेऊ नका.

## आता फीचा हिशेब

समजा सांगलीतल्या एक शिक्षिका सकाळी साडेसहाची, आठवड्यातून पाच दिवसांची बॅच सुरू करतात. महिन्याला २२ वर्ग. वर्ग एक तासाचा, पण आधीची मांडणी, नंतरचे प्रश्न, दुपारचे मेसेज आणि फीचा पाठपुरावा धरला तर दिवसाला दोन तास. म्हणजे ४४ तास. त्यांना तासाला निदान ३०० रुपये मिळावेत असं वाटतं, तर झाले १३,२००. ब्रॉडबँड, मीटिंगचं खातं, आणि माइक-स्टँडची किंमत दीड वर्षावर वाटून, महिन्याचा खर्च २,५०० धरू. एकूण १५,७००.

इथे बहुतेकजण बाराने भागतात आणि फसतात. बाराची बॅच कधीच बाराची राहत नाही. कुणी गावाला जातं, कुणाच्या मुलांची परीक्षा, कुणी गणपतीत थांबतं. पैसे भरणारे सरासरी नऊ धरा. १५,७०० भागिले ९ म्हणजे १,७४४. फी १,७५० ठेवली तर बॅच टिकते. बारा भरले की वरचे पैसे सुट्टीच्या महिन्यासाठी बाजूला पडतात.

त्यांनी संध्याकाळी तीन दिवसांची दुसरी बॅच काढली तर महिन्याला १३ वर्ग, २६ तास, म्हणजे ७,८००. खर्च पुन्हा मोजायचा नाही, तो पहिल्या बॅचने उचललाय. नऊने भागून ८६७, म्हणजे फी ९००. म्हणून कमी पैशांत शिकू पाहणाऱ्यांना सवलत देण्यापेक्षा कमी दिवसांची बॅच देणं बरं. तीन महिन्यांची एकदम भरणाऱ्यांना थोडी सूट द्यावी, पण ती नऊच्या हिशेबात बसते का ते आधी तपासा. दहा टक्के सूट दिल्यावर १,५७५ होतात. सगळ्यांनी तसंच भरलं तर नऊ पुरत नाहीत, दहा लागतात.

‘शेजारची २९९ घेते’ असं कुणी म्हणालं तर भांडू नका. तुमच्या वर्गात बाराच जण असतात आणि रोज प्रत्येकाला नाव घेऊन सांगितलं जातं, एवढं सांगा आणि एक वर्ग मोफत करू द्या. फरक त्यांना तिथेच कळतो. तरीही नको वाटलं तर यूट्यूबचा एखादा चांगला, सोपा वर्ग सुचवा. बारावरून पंधरावर जाण्याचा मोह मात्र टाळा. बॅच भरली की प्रतीक्षा यादी ठेवा आणि यादीत सहा-सात नावं जमली की नवी वेळ काढा.

पैसे महिन्याच्या पाच तारखेच्या आत, चुकलेला वर्ग पुढे सरकत नाही, आजारपणात डॉक्टरांची चिठ्ठी असेल तर अर्धी फी पुढच्या महिन्यात वळती. तुमचे नियम वेगळे असू शकतात, पण ते पहिल्याच दिवशी लिहून द्या. तुम्हीच सुट्टी घेतलीत तर तो वर्ग भरून देणं हाही नियमच.

## प्रमाणपत्र आणि कर

आयुष मंत्रालयाच्या योग सर्टिफिकेशन बोर्डाच्या परीक्षा आहेत, योग प्रोटोकॉल इन्स्ट्रक्टरपासून पुढे. लोणावळ्याच्या कैवल्यधामसारख्या जुन्या संस्थांचे अभ्यासक्रम आहेत. ते करावेत, कारण विद्यार्थ्याला तुमची पात्रता विचारण्याचा हक्क आहे. पण योगशिक्षकाचं प्रमाणपत्र म्हणजे उपचाराची परवानगी नव्हे. जाहिरातीत ‘मधुमेह बरा’, ‘थायरॉइडच्या गोळ्या बंद’ असं लिहिणं दिशाभूल आहे, आणि कुणी त्यावर विसंबून गोळी बंद केली तर नुकसान तुमच्या वर्गापेक्षा फार मोठं होतं.

जीएसटीची नोंदणी महाराष्ट्रात सेवांसाठी वर्षाच्या २० लाखांच्या उलाढालीनंतर लागते. बारा-बाराच्या दोन बॅच त्याच्या जवळपासही जात नाहीत. मोठे योगकेंद्र चालवणाऱ्यांसाठी २२ सप्टेंबर २०२५ पासून हा कर १८ वरून ५ टक्क्यांवर आला आहे, मात्र खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. आयकर वेगळा, म्हणून वर्गाचे पैसे वेगळ्या खात्यात घ्या.

## परदेशातले मराठी विद्यार्थी

न्यू जर्सीतल्या बहिणीची मैत्रीण, दुबईतला भाचा, असे विद्यार्थी आपोआप जोडले जातात. सांगलीतला सकाळचा साडेसहाचा वर्ग दुबईत पहाटे पाचला असतो आणि न्यू जर्सीत आदल्या रात्री नऊला. नोव्हेंबरमध्ये तिथली घड्याळं मागे जातात, मग तोच वर्ग रात्री आठला येतो, आणि मार्चमध्ये पुन्हा नऊला. हे वर्षातून दोनदा आधी कळवा. रात्री नऊला करणाऱ्याचं जेवण निदान तीन तास आधी झालेलं हवं, म्हणून ते आठ-साडेआठला जेवत असतील तर त्यांना ही बॅच देऊ नका. फॉर्ममधल्या आपत्कालीन नंबरच्या रकान्यात त्यांच्या घरच्या माणसाचा तिथला नंबर घ्या. अमेरिकेत ९११ लावायचा तो त्याच माणसाने.